अंबाजोगाई शाखेतून मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा

नमस्कार मंडळी.

आज २७ फेब्रुवारी. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, यांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. (राजभाषा दिन १ मेला असतो, तो वेगळा. दोन्हींची सरमिसळ केलेला मेसेज आमच्या ग्रुपवर सकाळीच येऊन पडलाय.) शाखेच्या सगळ्या खातेदारांना, ठेवीदारांना, कर्जदारांना, जामीनदारांना, आणि एटीएमच्या एसीत घटकाभर उभं राहायला येणाऱ्या शाळेच्या पोरांनाही मनापासून शुभेच्छा.

या पोस्टमध्ये व्याजदर नाही. शेवटपर्यंत वाचलं तरी कुठली योजना निघणार नाही. एरवी या दिवशी आम्हीही सगळ्यांसारखं चित्र टाकतो: फेटा, तुतारी, मागं किल्ला. किल्ले आपल्याकडंही आहेत, औसा आहे, उदगीर आहे, परांडा, नळदुर्ग आहे, पण चित्रातला किल्ला कायम सह्याद्रीतला. यंदा चित्राला सुट्टी देऊन चार गोष्टी लिहायचं ठरवलं.

आपण राहतो त्या गावाला मराठीची ओळख करून द्यायची गरज नाही. आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या मुकुंदराजांची समाधी इथंच, डोंगराच्या कुशीत. दासोपंतांची पासोडीही इथलीच, जवळजवळ चाळीस फूट लांबीचं कापड आणि त्यावर ओळीनं लिहिलेलं तत्त्वज्ञान. कागद पुरला नाही म्हणून माणूस कापडावर लिहीत बसला, असं आमचे एक जुने कॅशियर म्हणायचे. खरं कारण काय ते दासोपंतांनाच माहीत. पलीकडं नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे नाथ. ही नावं आज सगळीकडं येतील, म्हणून इथं थांबत नाही.

थांबायचंय ते जरा अलीकडच्या काळापाशी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या गावाचं कागदोपत्री नाव मोमिनाबाद होतं. घरात मराठी, बाजारात मराठी, भजनात मराठी, पण सरकारी कारभार उर्दूत. शेत आपलं, पण त्याचा कागद वाचायला दुसरा माणूस लागायचा. वाचणारा चांगला असला तर ठीक. नसला तर तो सांगेल ते खरं. स्वामी रामानंद तीर्थांनी आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग आपल्या योगेश्वरी शाळेत शिकवलं, ते याच दिवसांत. स्वतःच्या भाषेत शिकायला मिळावं ही मागणी मुक्तिसंग्रामाच्या आधीपासूनची आहे. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ सालची, म्हणजे संस्थान असतानाचीच.

तारण ठेवायला आणलेल्या जुन्या फायलींत अजूनही उर्दूतला किंवा मोडीतला एखादा कागद निघतो. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण जपून ठेवलेला. यात काय लिहिलंय म्हणून विचारलं की उत्तर बहुतेक एकच येतं: “आजा म्हणायचा, आपलंच हाय म्हणून लिवलंय.”

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्या कर्जाच्या कागदांवरची एक ओळ. कर्जाचे करारनामे आजही बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतात. कर्जदार मराठीत सही करत असेल किंवा अंगठा देत असेल, तर त्याच्या सहीपाशी एक जाहीरनामा जोडतात. त्याचा अर्थ असा की, वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला आणि तो मला मान्य आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याखाली सही केलेली असेल. कोणत्या बँकेत ते महत्त्वाचं नाही. सही करताना खरंच कोणी वाचून दाखवलं होतं का, एवढं आठवून पाहा.

आमच्या दृष्टीनं मराठी भाषेचा दिवस या ओळीपाशी आहे. खाली सही घ्यायची असेल तर वरचं वाक्य खरं असलं पाहिजे.

त्यामुळं या शाखेत कर्जाचे कागद दुपारी तीननंतर करतात, काउंटरची गर्दी ओसरल्यावर. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. जामीनदाराला नुसतं सहीपुरतं बोलवायचं नाही, त्यानंही बसून ऐकायचं. वेळ लागतो. “सायेब, आमचा इस्वास हाय तुमच्यावर, कुठं करू सह्या?” असं म्हणून उठणारे पुष्कळ. त्यांना चहा देऊन परत बसवावं लागतं.

मागं एकदा ठिबकच्या कर्जाचं वाचन चाललं होतं. कर्जदार, त्याची बायको आणि जामीनदार म्हणून चुलतभाऊ. मुद्दल, व्याज, हप्ता कधीपासून, हप्ता चुकला तर काय, सगळं झालं. दोघं भाऊ माना हलवत होते. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडं बघत होत्या, त्यांचं लक्ष नाही असंच वाटलं. बोजा चढवायचं कलम आलं तशा त्या म्हणाल्या, “थांबा. सातबाऱ्यावर बोजा म्हंजे समद्या रानावर का ठिबक बसवायचंय तेवढ्या गटावर?” दोघं भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. गट नंबर पुन्हा वाचला, मांडीवरच्या पिशवीतला उतारा काढून त्यांनी तो नवऱ्याकडून ताडून घेतला, आणि मग म्हणाल्या, “आन् फिटल्यावर काढायचं काम कुणाचं? तुमचं का आमचं?”

कर्ज फिटलं की बँकेनं बेबाकी दाखला द्यायचा, आणि तो तलाठ्याकडं देऊन बोजा कमी केल्याची नोंद करून घ्यायची. कर्ज फिटून कितीतरी वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर बोजा तसाच, आणि पोराला दुसरं कर्ज काढायच्या वेळी ते कळतं, असं आपल्याकडं घरोघरी घडलेलं आहे. बाईंनी अचूक तिथंच बोट ठेवलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐकायला मिळालं म्हणून विचारता आलं.

एक गोष्ट माहितीसाठी. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किरकोळ कर्ज आणि छोट्या उद्योगांचं मुदती कर्ज देताना प्रत्येक कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरण’ द्यावं लागतं. त्यात व्याज, प्रोसेसिंग फी, विम्याचे पैसे असे सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते लिहिलेलं असतं, वसुलीचे नियम असतात, तक्रार कोणाकडं करायची तेही असतं. आणि हे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, त्याला समजावून सांगावं, असं नियमच म्हणतो. योगायोग असा की त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. दुसऱ्या बातमीवर गावात फटाके वाजले. पहिली कुणाच्या कानावरही गेली नाही, म्हणून आज सांगतोय. कोणत्याही बँकेत जा, हा कागद मराठीत मागा.

तसंच चेकवर रक्कम मराठीत लिहिली तरी चालते. पैसे भरायची आणि काढायची स्लिप, खातं उघडायचा फॉर्म मराठीतही मिळायला हवा, तशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. कोणी “इंग्लिशमध्ये भरून आणा” म्हणालं तर शांतपणे मराठी फॉर्म मागावा. भांडायची गरज नाही.

आता बोलीबद्दल. काउंटरवर आलं की आपल्या लोकांची भाषा एकदम बदलते. बाहेर पायरीवर “काय करायलास रं, येवढा येळ?” म्हणणारा माणूस आत आला की “सर, माझ्या खात्याची माहिती मिळू शकेल का” असं काहीतरी टीव्हीवरच्या बातम्यांतलं बोलायला लागतो, आणि त्या नादात खरं विचारायचं राहून जातं. असं करू नका. आम्हीही इथलेच. कोण केजचं, कोण परळीचं, एक मॅडम उदगीरच्या. “पैसे कामून आले नाहीत?” असंच विचारा. आमच्याकडूनही उत्तर त्याच बोलीत येईल. घरी गोरमाटी बोलणारे, दखनी बोलणारे खातेदार पुष्कळ आहेत. ते आमच्याशी मराठीत बोलतात तेव्हा त्यांच्या दृष्टीनं ती दुसरी भाषा असते, हे आम्हाला माहीत आहे. तांड्यावरच्या आजींसाठी आमचे शिपाईमामा उभे राहून गोरमाटीत समजावतात. ते त्यांच्या कामाच्या यादीत कुठंही लिहिलेलं नाही.

आपले बरेच खातेदार आत्ता गावात नाहीत. कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात, उसाच्या फडावर आहेत. ही पोस्ट त्यांच्या फोनवर कोपीत, रात्री चूल विझल्यावर दिसेल. तुम्हालाही शुभेच्छा, दादा, ताई. तिकडं एक सांभाळा: बँकेतून बोलतोय म्हणून कोणी कितीही गोड मराठीत बोललं, तरी ओटीपी द्यायचा नाही. आता फसवणारेही मराठी बोलायला लागलेत. आम्ही फोनवर ओटीपी, पिन, एटीएम कार्डाचा नंबर कधीच विचारत नाही. आणि तुमचे आई-वडील पेन्शन काढायला आले की त्यांची स्लिप आम्ही भरून देतो, पासबुकावर किती शिल्लक आहे ते मोठ्यानं न सांगता कागदावर लिहून देतो. शिल्लक साऱ्या रांगेला कळायचं काही कारण नाही.

आज शाखा नेहमीच्या वेळेत सुरू आहे. रांगोळी काढलीय, ग्रंथदिंडीतली पोरं दुपारी इथून जाणार आहेत, त्यांच्यासाठी पाण्याची सोय केलीय. तीन वाजल्यापासून आम्ही बाकं बाहेर मांडतोय. घरात पडलेला, न कळलेला कुठलाही बँकेचा कागद घेऊन या. आमच्या बँकेचा असो नाहीतर दुसऱ्या कुणाचा, फायनान्स कंपनीचा असो की बचत गटाचा, विम्याचा असो. बसून वाचू. आमचं खातं नसलं तरी या. कुणी खातं उघडा म्हणणार नाही, तसं सगळ्यांना बजावून ठेवलंय. चष्मा मात्र घेऊन या, मागच्या वेळी आमचेच तीन चष्मे गावात फिरून परत आले.

मराठी भाषा गौरव दिनाच्या पुन्हा एकदा शुभेच्छा.

आपले,
अंबाजोगाई शाखेतले सगळे

#मराठी_भाषा_गौरव_दिन #अंबाजोगाई #मराठवाडा #वाचून_सही