शब्दकोडं आणि शब्दशिड्या: सातवीकडून सहावीला

रविवारचा मराठी वर्ग, बडोदा

सहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही आम्हाला कोडं दिलं होतं, त्याची ही परतफेड. सातवीतल्या आम्ही सगळ्यांनी मिळून हे केलं आहे. एक शब्दकोडं आहे आणि सहा शब्दशिड्या आहेत. बरेचसे शब्द आपल्या गावातले आणि घरातले आहेत, म्हणून पुस्तक उघडायची गरज पडणार नाही. आजीआजोबांना विचारलं तर चालेल. मोबाईलला विचारायचं नाही.

सोडवण्याआधी तीन गोष्टी ठरवून घेऊ. एका चौकोनात एक पूर्ण अक्षर, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं त्याच्यासोबत. ‘तं’ हे एकच अक्षर आणि ‘णी’ हेही एकच. दुसरी गोष्ट, क्लूच्या पुढे कंसात अक्षरांची संख्या दिली आहे, ती आधी बघा. तिसरी, शब्द मराठी हवा. मराठीत आणि गुजरातीत सारखाच असेल तर उत्तमच, आपल्याकडे असे शब्द खूप आहेत.

शब्दकोडं

काळा चौकोन म्हणजे भिंत. वही आडवी धरा, सात बाय सातची चौकट आखा आणि हे आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या.

```
१   □   २   ३   ४   ■   ■
□   ■   ५   □   □   ■   ■
६   □   ■   ■   ७   □   ८
□   ■   ९   □   □   ■   □
■   ■   □   ■   ■   १०  □
■   ११  □   □   १२  ■   ■
१३  □   ■   ■   १४  □   □
```

आडवे शब्द

१. विश्वामित्रीच्या काठावर १८७९ साली लोकांसाठी खुली झालेली जागा. अजूनही पुष्कळजण तिला कमाटीबाग म्हणतात. आत प्राणी आहेत, छोटी आगगाडी आहे आणि संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. (५)

५. अक्षराला असतं आणि घाटातल्या रस्त्यालाही असतं. ‘मुलांना चांगलं लावायला हवं’ असं घरातली मोठी माणसं ज्याच्याबद्दल म्हणतात ते. (३)

६. आपल्या गावाच्या नावात लपलेलं झाड. याच्या पारंब्यांना लोंबकळता येतं आणि ज्येष्ठात बायका याला दोरा गुंडाळतात. (२)

७. १४ जानेवारीला हा वर जातो आणि आपण सगळे गच्चीवर. ‘काप्यो छे!’ ऐकू आलं की समजायचं, कुणाचा तरी गेला. (३)

९. ताटात निरांजन, हातात टाळ. प्रसादाच्या आधी ही होतेच, आणि लहान भाऊ हिच्या मध्येच प्रसाद मागतो. (३)

१०. वलसाडचा हापूस, तलालाचा केसर. कोय शेवटी कोण चोखणार यावरून भांडण. (२)

११. बडोद्याच्या जवळचा डोंगर, वर कालिकामातेचं देऊळ. पायथ्याचं चांपानेर आणि हा डोंगर मिळून २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. (४)

१३. चिमणाबाई दुसऱ्या यांच्या नावाआधी लागणाऱ्या पदवीतून ‘महा’ काढा. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. (२)

१४. बाहेर काटे, आत गोड गरे, कापताना हाताला तेल लावायचं. गुजरातीतही याचं नाव हेच. (३)

उभे शब्द

१. तलाव म्हणा, तळं म्हणा किंवा हा शब्द म्हणा. भूगोलाच्या पुस्तकात आणि कवितेत हाच येतो. शेवटचं अक्षर ‘र’. (४)

२. निकाल चांगला लागला की आईचा हा भांड्यात पडतो. (२)

३. रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळण्यात ज्याला ठेवून पाळणा म्हणतात, ते रामाचं रूप. (२)

४. भाद्रपदात दांडिया बाजारातून फिरलात तर हा दर काही पावलांवर भेटतो. २१ दूर्वा, २१ मोदक. (४)

८. नऊ रात्री गोलात फिरून टाळ्या वाजवत खेळायचा. २०२३ मध्ये युनेस्कोनेही गुजरातच्या या नृत्याची नोंद घेतली. (३)

९. सयाजीराव महाराजांच्या काळात गावाला पाणी मिळावं म्हणून बांधलेला जलाशय. शाळेच्या सहली तिकडे जातात. (३)

११. शेव-उसळीचा वास आला की तोंडाला हे सुटतं. (२)

१२. शाहीर पोवाडा म्हणताना जे वाजवतात ते गोल, चामड्याचं वाद्य. (२)

क्लू लिहिताना आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. ‘एक फळ’, ‘एक झाड’ असा क्लू आम्ही कुठेही ठेवला नाही. फळं शंभर असतात, आणि तसल्या क्लूने सोडवणारा विचार करत नाही, अंदाज लावत बसतो. अवघड क्लूचं आम्हाला काही वाटत नाही, पण उत्तर कळल्यावर ‘अरे हो, बरोबर!’ असं वाटलं पाहिजे. ‘हे कसं काय?’ असं वाटलं तर क्लू वाईट. याच मापाने तुम्ही आमचे क्लू तपासा. एखादा वाईट वाटला तर त्याच्यासमोर फुली मारून, तुमचा क्लू खाली लिहून द्या.

एक मदत: १ आडवा आधी सोडवा. त्यातून चार उभे शब्द निघतात, आणि मग वरचा डावा कोपरा लगेच भरतो. खालचा भाग अडला तर ९ ला या, कारण तिथला आडवा आणि उभा शब्द एकाच अक्षराने सुरू होतो.

शब्दशिड्या

वरच्या शब्दापासून खालच्या शब्दापर्यंत उतरायचं. दर पायरीला एकच अक्षर बदलायचं, बाकीची जागच्या जागी राहिली पाहिजेत. अक्षरांची अदलाबदल चालत नाही. नुसती मात्रा बदलली तरी तो बदलच धरायचा: ‘दूर’चं ‘दर’ झालं की एक पायरी झाली. मधला प्रत्येक शब्द खरा हवा. अनेकवचन चालेल. ‘कर’, ‘बस’ असे हुकूम चालणार नाहीत, नाहीतर शिडी फार सोपी होते.

पहिली. ‘वड’पासून ‘घर’पर्यंत, मध्ये एकच शब्द. याला दोन उत्तरं आहेत, दोन्ही शोधा.

दुसरी. ‘वाघ’पासून ‘ससा’पर्यंत, मध्ये एकच शब्द. क्लू: घर फिरलं की घराचे हेही फिरतात. म्हणीत अनेकवचन आहे, तुम्ही एकवचन घ्या.

तिसरी. ‘दूध’पासून ‘दही’पर्यंत, मध्ये दोन शब्द. पहिला ‘जवळ’च्या उलट. दुसरा भाजीवालीला विचारतो तो.

चौथी. ‘चिंच’पासून ‘बोर’पर्यंत, मध्ये दोन शब्द. पहिली पोपटाची लाल असते. दुसऱ्याच्या मनात चांदणं.

पाचवी. ‘ऊस’पासून ‘गूळ’पर्यंत, मध्ये दोन शब्द. खऱ्या आयुष्यात मध्ये चरक आणि कढई लागते, इथे वेगळंच लागतं. पहिला शब्द: सोनार सोनं वितळवतात ते भांडं. हा शब्द माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हता, एकीच्या आजोबांनी सांगितला. दुसरा शब्द झाडाच्या खाली, मातीत.

सहावी. ‘मगर’पासून ‘गजरा’पर्यंत, मध्ये तीन शब्द. विश्वामित्रीत मगरी आहेत हे आपल्याला माहीतच आहे, म्हणून त्यांना नटवायचं ठरवलं. पहिला शब्द: जिथे खूप लोक राहतात. दुसरा: लहान बाळाला लागू नये म्हणून तीट लावतात. तिसरा: सकाळी घड्याळाचा होतो. तीन अक्षरांची शिडी दोन अक्षरांपेक्षा खूपच अवघड असते, कारण शेजारी ठेवता येतील असे शब्द कमी असतात. ही शिडी आम्ही वरून आणि खालून, दोन्हीकडून उतरत-चढत मध्ये जोडली. तुम्हीही तसंच करून बघा: शेवटच्या शब्दापासून उलट चढलं की पटकन सापडतं.

आता तुमची पाळी

पुढच्या कोड्यात आम्हाला निदान एक जोडाक्षर असलेला शब्द हवा. आमच्या चौकटीत एकही नाही, कारण ‘त्री’, ‘श्वा’ अशी अक्षरं दुसऱ्या शब्दात बसवणं कठीण जातं. ‘विश्वामित्री’ बसवून दाखवलीत तर तुम्ही आमच्यापेक्षा भारी, हे आम्ही वर्गासमोर म्हणू. आधी चौकट भरा, मग काळे चौकोन ठरवा, आणि क्लू सर्वांत शेवटी लिहा. चौकट भरली की प्रत्येक आडवी ओळ आणि प्रत्येक उभी ओळ बोट ठेवून वाचा. कुठेतरी दोन अक्षरं चुकून शेजारी येतात आणि नको असलेला शब्द तयार होतो.

बाईंकडे रविवारी द्या. नाव टाकू नका, ‘सहावी’ एवढंच लिहा, कारण कोडं सगळ्यांचं आहे.

उत्तरं (घडी घालून चिकटवली आहेत. सगळं सोडवून झाल्यावरच उघडा.)

आडवे: १ सयाजीबाग, ५ वळण, ६ वड, ७ पतंग, ९ आरती, १० आंबा, ११ पावागड, १३ राणी, १४ फणस.

उभे: १ सरोवर, २ जीव, ३ बाळ, ४ गणपती, ८ गरबा, ९ आजवा, ११ पाणी, १२ डफ.

भरलेली चौकट:

```
स   या  जी  बा  ग   ■   ■
रो  ■   व   ळ   ण   ■   ■
व   ड   ■   ■   प   तं  ग
र   ■   आ   र   ती  ■   र
■   ■   ज   ■   ■   आं  बा
■   पा  वा  ग   ड   ■   ■
रा  णी  ■   ■   फ   ण   स
```

पहिली शिडी: वड, वर, घर. किंवा वड, घड, घर (केळ्यांचा घड).

दुसरी: वाघ, वासा, ससा.

तिसरी: दूध, दूर, दर, दही. लांबची वाट हवी असेल तर दूध, दूर, सूर, सर, सही, दही हीसुद्धा बरोबर आहे.

चौथी: चिंच, चोच, चोर, बोर.

पाचवी: ऊस, मूस, मूळ, गूळ. ‘मूस’ऐवजी ‘कूस’ आणि ‘मूळ’ऐवजी ‘कूळ’ घेतलं तरी पोहोचता येतं.

सहावी: मगर, नगर, नजर, गजर, गजरा. कुणी ‘गजर’च्या जागी ‘नजरा’ लिहिलं असेल तर तेही बरोबर, अनेकवचन चालतं असं आम्हीच म्हटलं आहे.

तुमचे,
सातवीचे सगळे