१ जूनच्या बिलिंगमधील जादा वसुली: घटनेचा अहवाल

प्रति: उत्पादन विभागप्रमुख
कडून: बिलिंग टीम लीड
दिनांक: शुक्रवार, ६ जून २०२५

मॅडम,

रविवारी, १ जूनला पहाटे २ वाजता झालेल्या मासिक बिलिंगमध्ये जुन्या प्लॅनवरच्या १,४०९ ग्राहकांच्या खात्यांतून एकूण ₹२,०६,८७७.६० जास्त कापले गेले. त्यांच्या किमतीत जीएसटी आधीच धरलेला होता; आपल्या सिस्टीमने त्यावर पुन्हा १८% लावला. चूक सोमवारी दुपारी १२:४० ला दुरुस्त झाली. आजपर्यंत १,३८८ जणांचे रिफंड यशस्वी झाले आहेत, २१ बाकी आहेत. दोन गोष्टींवर तुमचा निर्णय हवा आहे; त्या शेवटी लिहिल्या आहेत.

ग्राहकांना काय सोसावं लागलं

₹५९० च्या प्लॅनवर ₹६९६.२० गेले (८७० ग्राहक, प्रत्येकी ₹१०६.२० जास्त). ₹१,१८० च्या प्लॅनवर ₹१,३९२.४० गेले (५३९ ग्राहक, प्रत्येकी ₹२१२.४०). आणखी ४३७ जणांचे पैसे कापलेच गेले नाहीत, कारण त्यांनी ऑटो-पे मॅन्डेटची कमाल मर्यादा प्लॅनच्या किमतीइतकीच ठेवली होती आणि बँकेने जास्तीची मागणी नाकारली. आपली चूक त्यांच्या मर्यादेने अडवली. तरीही "पेमेंट अयशस्वी" हा मेसेज त्यांना गेलाच, आणि त्यात दोष त्यांचा असल्याचा सूर होता.

रकमा लहान दिसतात. पण आपले बहुतेक ग्राहक छोटे दवाखाने आणि दुकानं आहेत, आणि महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या खात्यातून भाडं, हप्ते, पगार असं सगळं एकदम जात असतं. दोघांनी कळवलं आहे की आपण जास्त रक्कम कापल्यामुळे खात्यात शिल्लक कमी पडली, कर्जाचा हप्ता परत गेला आणि बँकेने दंड लावला. ₹१५,००० पर्यंतच्या आवर्ती पेमेंटला दर वेळी ओटीपी लागत नाही. ग्राहकाने एकदा परवानगी दिली की पुढे तो काही न करता पैसे जातात. म्हणूनच रक्कम बरोबर असण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे.

कारण

गुरुवारी, २९ मेच्या संध्याकाळी आपण सीए फर्मसाठीचे नवे प्लॅन आणले. त्यांच्या किमती "अधिक जीएसटी" अशा आहेत, जुन्या प्लॅनच्या मात्र जीएसटीसह. दोन्ही प्रकार एकाच टेबलमध्ये राहावेत म्हणून हा कॉलम जोडला:

```sql
ALTER TABLE plans
ADD COLUMN tax_inclusive BOOLEAN NOT NULL DEFAULT FALSE;
```

`DEFAULT FALSE` मुळे प्रत्येक जुन्या प्लॅनवर "किमतीत कर धरलेला नाही" असा शिक्का बसला. जुन्या प्लॅनना `TRUE` करणारी दुसरी स्क्रिप्ट लिहिलेली होती, पण ती डिप्लॉयच्या यादीत आली नाही. टेस्टमध्ये फक्त नवे प्लॅन होते, त्यामुळे सगळ्या टेस्ट पास झाल्या. हा बदल मी स्वतः तपासून मंजूर केला होता. ज्या सहकाऱ्याने तो लिहिला, त्याच्यावर याचं खापर फुटू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. किमतीशी संबंधित कॉलमला डिफॉल्ट असणंच धोक्याचं आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आधी का कळलं नाही

मला सगळ्यात जास्त लागलेला भाग हा आहे, कारण चूक पकडण्याच्या तीन संधी समोर होत्या.

पहिली शुक्रवारी रात्री. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला रकमेची पूर्वसूचना जावी लागते. त्या सूचनांमध्ये चुकीचा आकडा स्पष्ट छापलेला होता. आपण त्या पाठवल्या, पण मागच्या महिन्याच्या रकमेशी ताडून पाहिल्या नाहीत.

दुसरी रविवारी सकाळी. एरवी प्रत्येक फेरीत सुमारे १८० पेमेंट अयशस्वी होतात; या वेळी ६०० च्या वर गेली. ऑन-कॉल इंजिनियरने ७ वाजता तो आकडा पाहिला आणि बँकांकडे अडचण असेल असं समजून मंगळवारच्या आपोआप होणाऱ्या फेरप्रयत्नावर सोडला. गेटवेच्या उत्तरात "मॅन्डेटच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम" असं कारण येत होतं, पण आपली सिस्टीम सगळी कारणं एकाच `FAILED` मध्ये टाकते. त्याच्या जागी मी असतो, तर त्या स्क्रीनवरून मीही बहुधा तोच निष्कर्ष काढला असता.

तिसरी रविवारीच. तीन ग्राहकांनी तक्रारी लिहिल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी पैशांच्या तक्रारी वेगळ्या काढल्या जात नाहीत, म्हणून त्या तशाच पडून राहिल्या. शेवटी सोमवारी सकाळी ९:२० ला सांगलीच्या एका दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरांनी बिल समोर ठेवून स्वतः हिशेब केला आणि "तुम्ही करावर कर लावलाय" असं नेमकं सांगितलं. त्यांच्यामुळे पुढच्या अर्ध्या तासात कारण सापडलं.

काय केलं

सोमवारी १०:०५ ला फेरप्रयत्न थांबवले. तो निर्णय वेळेत झाला, नाहीतर मंगळवारी आणखी खात्यांतून चुकीची रक्कम गेली असती. दुपारी जुन्या प्लॅनचा शिक्का दुरुस्त केला आणि लेखा विभागाने दोन्ही प्लॅनची नमुना बिलं हाताने पडताळली. २९ मे ते १ जून या काळात जुन्या प्लॅनवर दुसरं कोणतंही बिल निघालं नव्हतं, याचीही खात्री केली.

रिफंड मंगळवारी संध्याकाळी मूळ खात्यांवरच सुरू केले आणि सर्वांना मराठी, हिंदी व इंग्रजीत माफीचा मेसेज पाठवला. त्यात "तांत्रिक अडचण" असं मोघम न लिहिता कर दोनदा लागल्याचं आणि किती रक्कम परत येते आहे ते लिहिलं. उरलेल्या २१ रिफंड गेटवेकडून परत आल्या आहेत. त्या ग्राहकांना आम्ही फोन करून खात्याचा तपशील घेत आहोत. ४३७ जणांना योग्य रकमेची नवी पूर्वसूचना देऊन ५ जूनला पैसे घेतले. ४०२ यशस्वी झाले. उरलेल्या ३५ जणांची सेवा १० जूनपर्यंत चालू ठेवली आहे.

इनव्हॉइसचं काम अजून बाकी आहे. आपलं इनव्हॉइस पेमेंट झाल्यावरच निघतं, त्यामुळे चुकीची इनव्हॉइस १,४०९ च आहेत. ₹१,१८० च्या इनव्हॉइसमध्ये करपात्र मूल्य ₹१८० ने आणि कर ₹३२.४० ने जास्त दाखवला गेला. त्याच प्रमाणात ₹५९० चं. प्रत्येकासाठी क्रेडिट नोट काढावी लागेल. यातले ३१२ ग्राहक जीएसटी नोंदणीकृत आहेत आणि ते इनपुट क्रेडिट घेतात, म्हणून त्यांच्या नोट्स आधी काढत आहोत. जूनचं जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ जुलै आहे; लेखा विभाग २० जूनपर्यंत काम संपवेल.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्यात महत्त्वाचा बदल हा: पूर्वसूचना पाठवण्याआधी प्रत्येक ग्राहकाची येणारी रक्कम मागच्या बिलाशी ताडली जाईल. प्लॅन न बदलता ₹१ पेक्षा जास्त फरक आला, तर त्या ग्राहकाची सूचना आणि वसुली दोन्ही थांबतील. असे ग्राहक २० पेक्षा जास्त निघाले, तर पूर्ण फेरी थांबेल आणि माणसाने मंजुरी दिल्याशिवाय सुरू होणार नाही. कोडमधली चूक कोणतीही असो, ही तपासणी ती ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी अडवेल. हे काम मी घेतलं आहे. २० जूनपर्यंत तयार होईल आणि मे महिन्याच्या डेटावर चालवून दाखवेन.

`tax_inclusive` वरचं डिफॉल्ट आम्ही काढून टाकलं आहे. आता नवा प्लॅन टाकताना ते स्पष्ट सांगावंच लागतं. विक्रीत नसलेले पण ग्राहक असलेले सगळे जुने प्लॅन टेस्टमध्ये घेत आहोत. पेमेंट नाकारल्याची कारणं वेगवेगळी नोंदवली जातील आणि मर्यादेचं कारण १० वेळा आलं की ऑन-कॉलला फोन जाईल. महिन्याच्या २५ तारखेपासून १ तारखेची फेरी संपेपर्यंत किंमत आणि कर यांना हात लावणारा बदल डिप्लॉय होणार नाही.

तुमचा निर्णय हवा

पहिला, ज्या दोन ग्राहकांना बँकेचा दंड बसला तो आपण भरून द्यावा, आणि ३० जूनपर्यंत पुराव्यासह असं कळवणाऱ्या इतरांनाही द्यावा. त्यांचं नुकसान आपल्यामुळे झालं आहे, म्हणून माझी शिफारस ठाम होकाराची आहे.

दुसरा, महिन्याच्या पहिल्या दोन दिवशी, वार कोणताही असो, सपोर्टमध्ये एक माणूस फक्त बिलिंगच्या तक्रारींसाठी हवा. त्या विभागाशी माझं बोलणं झालं आहे. सुट्टीच्या दिवसाच्या भत्त्याला तुमची मंजुरी सोमवारपर्यंत मिळाली, तर जुलैच्या फेरीला माणूस बसलेला असेल.