अंतर्गत बढती अर्ज: असिस्टंट मॅनेजर, पॅकहाऊस

मनीषा बोरस्ते
सिनियर सुपरवायझर, क्वालिटी व ग्रेडिंग, द्राक्ष पॅकहाऊस, पिंपळगाव बसवंत (ता. निफाड, जि. नाशिक)
कंपनीत रुजू: २०१६, क्यूसी असिस्टंट म्हणून. सध्याच्या पदावर २०२१पासून.
मागील मूल्यमापन: मे २०२४. या अर्जातील माहिती जून २०२४ ते एप्रिल २०२५ या काळातील.

थोडक्यात

मागच्या मूल्यमापनात माझ्याकडे दोन ग्रेडिंग टेबल आणि ३४ जणी होत्या. या हंगामात चार लाइन, ७८ जणी, प्रीकूलिंग आणि रात्रीचे कंटेनर लोडिंग माझ्याकडे होते. तोडणीपासून प्रीकूलिंगपर्यंतचा वेळ सरासरी ७ तास २० मिनिटांवरून ४ तास ३५ मिनिटांवर आणला. गेल्या वर्षी ९२ कंटेनरपैकी ११ वर क्लेम आले होते, यंदा १०४ पैकी ४ वर.

वाढलेली जबाबदारी

डिसेंबर २०२४मध्ये लोडिंगचे सुपरवायझर सोडून गेले. हंगाम तोंडावर असल्याने ते काम माझ्याकडे तोंडी आले आणि एप्रिलअखेर माझ्याकडेच राहिले. लेखी आदेश निघाला नाही, म्हणून इथे नोंदवते. त्यात पॅलेट लावणे, प्रीकूलिंग चेंबरचे वेळापत्रक, कोल्ड स्टोरेजचे तापमान रजिस्टर आणि न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरचे सील हे सगळे येते.

जानेवारीपासून ग्रेपनेटवरील प्लॉट नोंदणी आणि रेसिड्यू रिपोर्ट यांची पडताळणीही मी करते. तोडणीचा मजूर शेतात जाण्याआधी प्लॉटचा नोंदणी क्रमांक, रिपोर्टवरचा क्रमांक आणि गेट पासवरचा क्रमांक तिन्ही जुळवायचे. तीन वेळा ते जुळले नाहीत आणि तिन्ही वेळा तोडणी थांबवली. एका बागायतदार काकांनी त्या दिवशी फोनवर बरेच ऐकवले. दोन दिवसांनी कागद दुरुस्त झाल्यावर त्यांचाच माल सगळ्यात आधी घेतला.

तोडणी ते गारवा: या वर्षीचे मुख्य काम

तांबड्या समुद्रातला मार्ग टाळून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागल्यापासून युरोपचा प्रवास लांबला आहे. पूर्वी प्रीकूलिंगमधली थोडी ढिलाई खपून जायची. आता तीच ढिलाई तिकडे पोहोचल्यावर सुकलेल्या देठांत आणि मणीगळीत दिसते. म्हणून नोव्हेंबरमध्ये मागच्या हंगामाची गेट रजिस्टरे काढून बसले. वेळ पॅकिंग टेबलावर जात असेल असा माझा अंदाज होता, तो चुकीचा निघाला. वेळ जात होता गेटवर. दिंडोरी आणि निफाड दोन्ही बाजूंच्या पिकअप साधारण अकराच्या सुमारास एकदम यायच्या आणि वजनकाट्यासमोर क्रेट उन्हात उभे राहायचे.

फील्ड टीमसोबत बसून तोडणी दोन पाळ्यांत विभागली. लांबचे प्लॉट उजाडताच, जवळचे त्यानंतर. मात्र मण्यांवर दव असेल तर थांबायचेच, कारण ओला माल पेटीत गेला की सल्फरच्या पॅडमधून गॅस भराभर सुटतो आणि मण्यांवर पांढरे डाग पडतात. प्रत्येक पिकअपला आदल्या संध्याकाळी टोकन दिले आणि काट्यासमोर शेडनेट टाकली. शेडनेटचा खर्च ११,४०० रुपये.

दुसरा भाग चेंबरमधला. आपण पंख्याजवळच्या एकाच पेटीत थर्मामीटर खुपसून "झाले" म्हणायचो. जानेवारीत सहा ठिकाणी मोजायला सुरुवात केली, तेव्हा बाहेरच्या पेट्या १.५ अंशांवर असताना मधल्या पॅलेटच्या पोटात ५ अंश निघाले. कारण साधे होते. पेट्या रचताना हवेची भोके एकमेकांसमोर येत नव्हती. रचणाऱ्या मुलांना खडूने खुणा करून दिल्या आणि सर्वांत गरम पेटीचे तापमान खाली आल्याशिवाय पंखा बंद करायचा नाही असा नियम केला. एका बॅचला सरासरी पाऊण तास जास्त लागतो आणि वीजबिल वाढते, हे मान्य आहे. क्लेमच्या तुलनेत ते स्वस्त पडते.

क्लेम कमी होण्याचे सगळे श्रेय माझे नाही. प्लॉट निवड यंदा कडक होती आणि ते काम फील्ड टीमचे.

झालेली चूक

फेब्रुवारीत एका कंटेनरमध्ये डेटा लॉगर ठेवला, पण सुरू केला नाही. पाळी माझी होती. माल खराब पोहोचला तेव्हा वाटेत तापमान किती होते याचा पुरावाच आपल्याकडे नव्हता आणि चारपैकी हा क्लेम आपल्याला पूर्ण सोसावा लागला. त्यानंतर दार लावण्याआधी सुरू असलेल्या लॉगरचा आणि त्याच्या क्रमांकाचा फोटो लोडिंगच्या ग्रुपवर पडल्याशिवाय सील लागत नाही. पुढच्या ६१ कंटेनरमध्ये एकही फोटो चुकलेला नाही.

माणसे

मागच्या हंगामातल्या ३४ पैकी २९ जणी यंदा परत आल्या. नव्या आलेल्या बहुतेक पेठ-सुरगाण्याच्या, द्राक्षाची कात्री पहिल्यांदाच हातात धरणाऱ्या. त्यांना आधी तीन दिवस फक्त नाकारलेल्या मालावर बसवले. घड देठानेच धरायचा, मण्यावरचा पांढुरका थर पुसायचा नाही, खराब मणी ओढायचा नाही तर कापायचा. एवढे हातात बसले की मग पनेट. पहिल्या आठवड्यात पॅकिंग कमी निघाले आणि त्यावर मला विचारणाही झाली. चौथ्या आठवड्यात नव्या लाइनचा वेग जुन्या लाइनच्या बरोबरीला आला. दोन जुन्या जणींना लाइन लीडर करावे अशी शिफारस जोडली आहे. रजेवर असले तर टेबल त्या चालवतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

शिक्षण व प्रशिक्षण

बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), पुणे विद्यापीठ, २०१३. या वर्षी अन्नसुरक्षा व ट्रेसेबिलिटीचे अंतर्गत प्रशिक्षण पूर्ण. एक्सेलमध्ये गेट आणि चेंबरची नोंद स्वतः तयार केली, आता तीच सगळे वापरतात.

जिथे कमी पडते

वार्षिक बजेट मी कधी बनवलेले नाही. परदेशी खरेदीदारांशी इंग्रजीत मेल लिहिता येतो, पण क्लेमवर फोनवरची घासाघीस अजून जड जाते. यंदाच्या दोन्ही क्लेम कॉलला मॅनेजर साहेबांसोबत बसले होते. पुढच्या हंगामात पहिला कॉल मी घ्यावा आणि साहेबांनी सोबत बसावे, अशी विनंती आहे.

पद मिळाल्यास हंगामाआधीची कामे

ऑक्टोबर छाटणीच्या तारखांवरून प्लॉटनिहाय तोडणीचा अंदाज नोव्हेंबरअखेर तयार ठेवणे, म्हणजे टोकन आयत्या वेळी वाटावे लागणार नाहीत. दुसरा वजनकाटा भाड्याने घेण्याचा प्रस्ताव. चेंबर २ च्या दाराचे रबर बदलणे, ते मार्चपासून गळते आहे आणि दोनदा कळवले आहे.

वरील आकडे गेट रजिस्टर, चेंबर रजिस्टर आणि क्लेम फाइलमधून घेतले आहेत. तिन्ही क्यूसी केबिनमध्ये खिडकीजवळच्या कपाटात आहेत, किल्ली शिफ्ट इन-चार्जकडे.

मनीषा बोरस्ते
पिंपळगाव बसवंत, मे २०२५