पहिली रात्र, बोर्डिंगची : दोन तांका

1994 चा जून. अकरावीला प्रवेश मिळाला आणि दादांनी मला रंकाळा स्टँडवर उतरवून ट्रंक खांद्यावर घेतली. पाऊस थांबून थांबून येत होता. दसरा चौकाजवळच्या बोर्डिंगच्या दारात त्यांनी ट्रंक ठेवली, रेक्टरसरांना हात जोडले आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून मागं न बघता निघाले. आमचं गाव राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या काठावर. त्या दिवसापर्यंत मी एकही रात्र गावाबाहेर एकटा झोपलो नव्हतो.

खोलीत चार लोखंडी कॉट. तिघं जुने, मेसच्या आमटीबद्दल बोलत बोलत झोपून गेले. मी वळकटी सोडली. आत आज्जीनं शिवलेली वाकळ. तिच्या दोन जुन्या लुगड्यांची, दादांच्या फाटक्या धोतराचं अस्तर लावलेली. घरी थंडी वाजली की मी ती डोक्यावरून ओढायचो आणि अंधारातून आज्जी ओरडायची, “तोंडावरनं घिऊ नगं रं, जीव गुदमरंल!” डोळे मिटलेले असले तरी तिला कसं कळायचं, कुणास ठाऊक.

ही रात्र मला बरीच वर्षं लिहायची होती. आधी हायकू करून पाहिला, पण सतरा अक्षरांत मी धुरापर्यंतच पोचत होतो. खरी गोष्ट त्याच्या पुढं होती. तांक्यात सात-सातच्या आणखी दोन ओळी मिळतात : पाच, सात, पाच, सात, सात. एकूण एकतीस अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, एकाही अक्षराची सूट घ्यायची नाही. पहिली ओळ ‘बोर्डिंगची रात्र’ अशी सुचली होती. बोटांवर मोजली तर सहा भरली. काढून टाकली, आणि बरं झालं. रात्र सांगायची गरजच नव्हती.

परकी कॉट
वाकळेच्या टाक्यांत
चुलीचा धूर
तोंडावरून घेतो
कुणीच रागावेना

झोप लागली नाही. चौकातून मधूनच एखादा ट्रक जायचा आणि खिडकीची काच थरथरायची. गावात रात्री नदीचा आवाज असतो, तो इथं नव्हता. तो नाही हे मला तेव्हा नीट कळलंही नव्हतं. कान नुसते काहीतरी शोधत होते.

साडेचारच्या सुमाराला खाली बादल्यांची खडखड सुरू झाली. नळाला पाणी आलं होतं. मी टॉवेल घेऊन रांगेत उभा राहिलो. भुदरगडकडचा एक बारावीचा पोरगा पुढं होता. त्यानं विचारलं, “कुठला रं तू?”

“राधानगरीकडचा. भोगावतीच्या काठचा.”

“मग पी की बिनधास. तुझ्याच नदीचं हाय. बालिंग्यातनं येतंय.”

मी ओंजळ धरली.

शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी करत कोल्हापूरला वसतिगृहांची जननी केलं, हे शाळेत पाठ होतं. आमच्या वरच्या अंगाला भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं तेही त्यांनीच. माझ्यासारख्या खेड्यातल्या पोराला शहरात अंग टाकायला जागा हवी आणि नदीचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकायला हवं, ही दोन्ही काळजी एकाच माणसानं केली होती. त्या पहाटे हे काही माझ्या मनात आलं नाही. पाणी फार गार होतं, एवढंच कळलं. आता मात्र तो नळ आठवला की महाराजांचीच आठवण होते.

पहाटे नळ
ओंजळीत उतरे
भोगावतीच
माझ्यामागून आली
रात्रभर चालत

चौथी ओळ आधी ‘माझ्याही आधी आली’ अशी होती. तीही सातच अक्षरांची, ऐकायला गोडही. पण ती खरी नव्हती. मी एसटीनं संध्याकाळीच येऊन पोचलो होतो. नदी मागं राहिली होती, आज्जीसारखी, पायरीवर उभी. म्हणून ‘माझ्यामागून’. मोजणी बरोबर आली म्हणून खोटी ओळ ठेवायची, हे मला जमत नाही.

त्या दिवशी दुपारी पोस्टातून एक कार्ड आणलं. आज्जीला वाचता येत नव्हतं, शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं असणार. बाकी काय लिहिलं ते विसरलो. पहिली ओळ आठवते : इथलं पाणी आपलंच आहे.