कापसातला राजमा : पहिलीच्या मुलांसाठी रोजची निरीक्षण वही

पहिली 'अ'च्या मुलांनो, आणि शेजारी बसून हे वाचून दाखवणाऱ्या आई, बाबा, आजी, आजोबांनो,

येत्या सोमवारपासून आपण घरी राजमा रुजवणार आहोत. घरात मटकीला मोड येतात ते तुम्ही पाहिलंच आहे. पण फडक्यात बांधल्यावर आत काय चाललंय ते दिसत नाही. या वेळी ते रोज डोळ्यांनी बघायचं आणि वहीत मांडायचं.

लागेल ते असं : राजम्याचे पाच दाणे, एक पारदर्शक पेला किंवा मुरांब्याची रिकामी बरणी, आणि मेडिकलमधून आणलेला कापूस. देवाच्या वातींचा कापूस नको. त्यावर नैसर्गिक मेण असतं, तो पाणी लवकर धरत नाही.

सोमवारी रात्री दाणे भिजत घाला. मंगळवारी पेल्यात कापूस सैल भरा, ओला करा आणि दाणे काच व कापूस यांच्या मधे सरकवा, म्हणजे बाहेरून दिसतील. रोज सकाळी दोन चमचे पाणी पुरे. कापूस ओलसर हवा, तळाशी पाणी साचायला नको. साचलेल्या पाण्यात बी कुजते, आणि पावसाळ्यात त्यात डासांच्या अळ्याही होतात. पेला खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवा. बाहेर ग्रिलमध्ये ठेवलात तर कबुतरं दाणे ठेवणार नाहीत.

कच्चा राजमा तोंडात घालायचा नाही, त्याने पोट बिघडतं. नाकात आणि कानात तर मुळीच नाही. हात धुऊनच वही घ्यायची.

वहीच्या प्रत्येक पानावर वर वार, मधे चित्र आणि खाली एक-दोन वाक्यं. लिहिता येत नसेल तर मुलाने सांगावं, मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत लिहावं. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, वाक्य सुधारू नका. "पांढरं नाक आलंय" असं मूल म्हणालं तर तेच लिहा. उंची मोजायला कागदाची पट्टी पेल्याला लावून रोज पेन्सिलने खूण करा, सेंटीमीटर पुढच्या वर्षी येतीलच.

वर्गातल्या पेल्याची वही मुलांनी सांगितली तशी फळ्यावर लिहिली होती. ती खाली देते. ही उतरवून घ्यायची नाही, तुमचा राजमा वेगळा वागेल.

सोमवार. राजमा कडक आहे. नख रुतत नाही. पाण्यात टाकला.

मंगळवार. दाणे फुगले. एकाची साल सुरकुतली आहे, आजीच्या हातासारखी. पाणी कमी झालं.

बुधवार. काही नाही झालं.

गुरुवार. एकाची साल फाटली. जिथे पांढरा डाग आहे त्याच्या जवळून पांढरं टोक आलं.

शुक्रवार. टोक खाली गेलं. बाई म्हणाल्या हे मूळ. दोघांना मूळ आहे, तिघांना नाही.

शनिवार. मुळाला बारीक बारीक केस आहेत. मूळ पट्टीच्या दुसऱ्या खुणेपर्यंत आलं.

सोमवार. एक दाणा मऊ झाला, वास येतो. त्याच्यावर पांढरी बुरशी आहे. बाईंनी चमच्याने काढून टाकला. दुसऱ्याचा देठ वाकडा होऊन वर आलाय. त्याने दाणा उचलला!

मंगळवार. देठ सरळ झाला. साल गळली. दाण्याचे दोन भाग झाले, मधे पानं आहेत.

गुरुवार. दोन पानं उघडली. हिरवी आहेत. दाण्याचे भाग बारीक झाले.

बुधवारच्या "काही नाही झालं" या पानालाही पूर्ण तारा मिळाला होता. मुलाने पाहिलं आणि जे होतं तेच सांगितलं, मला तेच हवं आहे. म्हणून तुमचा एखादा दाणा रुजलाच नाही तरी गुपचूप नवा ठेवू नका. जुना राजमा कधी कधी रुजत नाही. तेही वहीत येऊ द्या.

मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की एक गंमत करा. कापूस घट्ट दाबून पेला एका कुशीवर आडवा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक कुठे वळलंय ते काढा. मुलांना आधी विचारा, काय होईल? उत्तर सांगू नका.

शेवटी मुलं विचारतील की दाण्याचे भाग का सुकले. कापसात खायला काही नसतं, फक्त पाणी असतं. रोप इतके दिवस दाण्यातलंच अन्न खाऊन वाढलं. ते संपत आलं की रोपाला माती आणि ऊन लागतं. दोन पानं नीट उघडली की कापसासकट कुंडीत लावा. मुळाला चिकटलेला कापूस ओढू नका, मूळ तुटेल.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी वही दप्तरात घालून पाठवा. पेला घरीच राहू दे, बसमध्ये सांडतो.

तुमच्या वर्गाच्या बाई