दुसऱ्या सत्राच्या फीमध्ये सवलत व हप्ते मिळण्याबाबत अर्ज

दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका

विषय: इयत्ता सातवी, तुकडी ब, हजेरी क्रमांक २३, सई हिच्या दुसऱ्या सत्राच्या फीबाबत

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

माझी मुलगी सई पहिलीपासून आपल्या शाळेत शिकते आहे. या सहा वर्षांत तिची फी भरायला एकदाही उशीर झाला नाही, हे ऑफिसच्या नोंदींवरून दिसेलच. यंदाची पहिल्या सत्राची फीही जूनमध्येच भरली आहे. दुसऱ्या सत्राची मात्र ३० नोव्हेंबरपर्यंत पूर्ण भरणं मला शक्य नाही.

मी एका खासगी कंपनीत अकरा वर्षं हिशेब विभागात होतो. कंपनीने आमचा विभागच बंद केला आणि ३१ ऑगस्टला माझी नोकरी गेली. हातात एका महिन्याचा जादा पगार मिळाला, तो घराच्या कर्जाच्या दोन हप्त्यांत आणि आईच्या औषधांत संपला. सध्या मी दोन छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहून देतो. पत्नीने संध्याकाळच्या शिकवण्या सुरू केल्या आहेत. दोन्ही मिळून घरखर्च कसाबसा भागतो, पण फीची रक्कम एकदम उभी राहत नाही. नोकरीसाठी अर्ज चालू आहेत. एका ठिकाणी दुसरी मुलाखतही झाली आहे, मात्र तिकडून अजून होकार आलेला नाही, म्हणून त्या भरवशावर मी आपल्याला कोणताही शब्द देत नाही.

मागच्या सोमवारी मी फीचा चौथा हिस्सा भरायला ऑफिसात आलो होतो. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं. पण संगणकावर पूर्ण रक्कमच भरता येते, हप्ते हवे असतील तर मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी लागेल, असं त्यांनी सांगितलं. हा अर्ज त्यासाठीच आहे.

फी चार समान हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. पहिला हप्ता परवानगी मिळेल त्याच दिवशी भरतो. पुढचे तीन डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या १० तारखेपर्यंत भरेन. या काळात विलंब शुल्क लावू नये. गरजू विद्यार्थ्यांसाठी शाळेकडे किंवा संस्थेकडे काही निधी असेल, तर त्यातून शिकवणी शुल्काचा काही भाग माफ होऊ शकेल का, याचाही कृपया विचार व्हावा. माफी मिळाली तर उरलेल्या रकमेचे हप्ते पाडावेत, न मिळाल्यास वर लिहिल्याप्रमाणे पूर्ण फी मी भरेनच. डिसेंबरपासून आम्ही स्कूलबस बंद करत आहोत. तिला मीच आणून सोडेन, सध्या सकाळचा वेळ माझ्याकडे आहे. तेवढं बसशुल्क या सत्राच्या फीतून वजा करावं.

मॅडम, आणखी एक गोष्ट पैशांइतकीच महत्त्वाची वाटते म्हणून लिहितो. फी बाकी असल्याची चिठ्ठी वर्गात मुलांच्या हाती दिली जाते. सईला ती मिळाली, पण तिने आम्हाला दाखवलीच नाही. चार दिवसांनी पेन्सिलला टोक करायला मी तिची कंपासपेटी उघडली, तर बारीक घडी करून ती चिठ्ठी कोनमापकाखाली ठेवलेली होती. विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्हाला नोकरी लागली की देणार होते." त्याच आठवड्यात सहलीचा फॉर्म तिने न भरताच परत केला आणि आम्हाला सांगितलं की तिला जायचंच नाहीये. वर्गशिक्षिकांचा यात काही दोष नाही. सगळ्यांना चिठ्ठ्या देतात तशी तिलाही दिली. तरीही यापुढे फीबाबत जे काही कळवायचं असेल ते थेट माझ्या मोबाइलवर कळवावं, वर्गात तिचं नाव घेतलं जाऊ नये, आणि परीक्षेचं प्रवेशपत्र किंवा प्रगतिपुस्तक या कारणाने अडवलं जाऊ नये, अशी हात जोडून विनंती आहे. सध्या ती गणितात छान रमली आहे. सहामाहीत तिला चांगले गुण मिळाले, ते बाईंनी मन लावून शिकवलं म्हणूनच.

सेवासमाप्तीचं पत्र, शेवटची पगारपावती आणि गेल्या तीन महिन्यांचा बँकेचा खातेउतारा सोबत जोडला आहे. मूळ कागद पाहायचे असतील किंवा काही विचारायचं असेल, तर आपण सांगाल त्या वेळी मी व माझी पत्नी भेटायला येऊ. हे कागद आपल्यापुरते आणि ऑफिसपुरतेच राहावेत, एवढी काळजी घ्यावी. नोकरी लागली की मी स्वतःहून कळवेन आणि उरलेले हप्ते एकदम भरून टाकेन.

मुदत ३० तारखेला संपते, त्यामुळे त्याआधी आपला निर्णय कळला तर फार मदत होईल.

आपला नम्र,
सईचे वडील
(मोबाइल क्रमांक शाळेच्या नोंदीत आहे तोच)

सोबत: वरील तीन कागदपत्रांच्या प्रती