विषय : ग्राहकांच्या मीटिंगसाठी वेगळा वेबकॅम मिळण्याबाबत

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
आयटी सपोर्ट विभाग

सप्रेम नमस्कार,

मी ग्राहक प्रशिक्षण विभागात काम करते. नवीन ग्राहकांना आपलं सॉफ्टवेअर शिकवण्याची सत्रं माझ्याकडे आहेत. आठवड्याला आठ-दहा सत्रं होतात आणि ती सगळी व्हिडिओ कॉलवर. माझ्या लॅपटॉपचा (LT-0417) कॅमेरा या कामाला अपुरा पडतो आहे. यूएसबीवर चालणारा वेगळा वेबकॅम मिळावा, ही विनंती.

गेल्या मंगळवारी जे झालं ते सांगते. एका ग्राहकाकडच्या लेखा विभागप्रमुखांना कमी ऐकू येतं. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणं समजून घेतात. कॅप्शन सुरू असतात, पण हिशेबातले शब्द त्यात बऱ्याचदा भलतेच उमटतात, त्यामुळे त्यांची खरी भिस्त ओठांवरच. वीसेक मिनिटांनी त्यांनी चॅटमध्ये लिहिलं, 'मॅडम, तुमचा चेहरा अंधारात आहे, ओठ दिसत नाहीत.' मी टेबललॅम्प जवळ ओढला, खुर्ची फिरवली, तरी जमेना. शेवटी उरलेलं सत्र मी टाईप करून पूर्ण केलं. तासाभराचं सत्र जवळजवळ दोन तास चाललं. पण वेळेपेक्षा मला जास्त लागलं ते हे, की आपली अडचण त्यांना सगळ्यांसमोर बोलून दाखवावी लागली. त्यांची अजून चार सत्रं बाकी आहेत, पुढचं १६ सप्टेंबरला.

तक्रार त्यांची एकटीचीच नाही. दुसऱ्या एका ग्राहकाने दोनदा विचारलं, 'तुमचा कॅमेरा सुरू आहे ना?' सुरूच होता.

तुमच्याकडे येण्याआधी माझ्या हातात होतं ते सगळं करून पाहिलं. लेन्स पुसली, ड्रायव्हर अपडेट केला, मीटिंगच्या सेटिंगमध्ये कमी उजेडासाठीचा पर्याय सुरू केला. त्याने चेहरा थोडा उजळतो, पण पांढुरका आणि ठिपक्याठिपक्यांचा होतो, ओठांची कड पुसट ती पुसटच राहते. लॅम्प समोर ठेवला तर चष्म्यावर चकाकी येते आणि डोळे दिसेनासे होतात. नेटवर्कचा दोष असेल म्हणून मीटिंग बंद करून नुसतं कॅमेरा अ‍ॅप उघडून पाहिलं, तिथेही चित्र तसंच. दुपारचा आणि संध्याकाळी सातचा असे दोन स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. दुपारच्या चित्रात मागच्या खिडकीच्या उजेडामुळे चेहरा काळवंडतो. टेबल फिरवायला जागा नाही, हे फॅसिलिटीच्या मंडळींनी येऊन पाहिलं आहे.

कारण तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. लॅपटॉपचं झाकण इतकं पातळ की त्यात सेन्सर आणि लेन्स बारीकच बसतात. उजेड कमी पडला की कॅमेरा सिग्नल वाढवतो, म्हणून ठिपके येतात. शिवाय प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, म्हणून हालचाल फरफटल्यासारखी दिसते. एरवी हे चालून जातं, पण ओठ वाचणाऱ्याला नेमकी तीच हालचाल हवी असते. त्यात मी काम करते मोठ्या मॉनिटरवर आणि लॅपटॉप असतो बाजूला, त्यामुळे समोरच्याला माझा चेहरा अर्धाच आणि खालून दिसतो. वेबकॅम मॉनिटरवर डोळ्यांच्या रेषेत बसवता आला तर हा दोषही जाईल.

फार भारी काही नको. 1080p पुरे, 4K ची गरज नाही. आकड्यापेक्षा कमी उजेडात चित्र कसं येतं ते पाहून निवडावा, एवढं मात्र आवर्जून सांगते. मॉनिटरवर अडकवायची क्लिप आणि लेन्स झाकायचं शटर असावं. माईक नसला तरी चालेल, माझा हेडसेट उत्तम आहे. वेगळं सॉफ्टवेअर न टाकता चालणारा असला तर तुमचंही परवानगीचं काम वाचेल. लॅपटॉपला यूएसबी-सीचे दोनच पोर्ट आहेत आणि एक चार्जिंगला लागतो, पण डॉकवर साधा यूएसबी पोर्ट मोकळा आहे.

स्टोअरमध्ये कुणी परत केलेला वेबकॅम पडून असेल तर तोही आनंदाने वापरेन. नवीन मागवायला वेळ लागणार असेल, तर निदान १६ तारखेच्या सत्रापुरता एखादा उसना मिळावा. सत्र दुपारी ३ वाजता आहे. आदल्या दिवशी वेबकॅम हातात आला तर जोडून, उजेड पाहून ठेवता येईल. माझ्या टीम लीडची संमती घेतली आहे, त्यांचा ईमेल सोबत जोडला आहे.

रोज सकाळी ११ पर्यंत मी जागेवर असते. कुणी येऊन कॅमेरा पाहणार असेल तर ती वेळ सोयीची पडेल.

आपली,
मृणाल
ग्राहक प्रशिक्षण विभाग

सोबत : दोन स्क्रीनशॉट, टीम लीडच्या संमतीचा ईमेल